छायाचित्रावरून स्थळाचा शोध

छायाचित्र कोणतेही असो, ते कोठे तरी उभे राहूनच घेतलेले असते. घेणाऱ्याने स्थळाचे नाव सांगितले नाही, तारीख नोंदवली नाही, तरी मागचा डोंगर, बाजूचे घर, पायाखालची वाट आणि जमिनीवर पडलेली सावली या गोष्टी त्याच्या इच्छेवाचून चित्रात उतरतात. छायाचित्र घेणाऱ्याचे लक्ष समोरच्या घटनेकडे असते. पार्श्वभूमीकडे त्याचे लक्ष जात नाही आणि ती लपवावी असेही सहसा त्याच्या मनात येत नाही. म्हणूनच अज्ञात छायाचित्राचे स्थळ शोधणारा संशोधक घटनेकडे पाहण्यापूर्वी पार्श्वभूमीकडे पाहतो.

या पद्धतीने काय साधते आणि काय साधत नाही, हे एका प्रत्यक्ष प्रकरणावरून चांगले समजते. १० जुलै २०१८ च्या सुमारास मोबाइल फोनवर घेतलेली एक चित्रफीत समाजमाध्यमांतून पसरू लागली. गणवेशातील काही सैनिक दोन स्त्रियांना आणि त्यांच्या दोन लहान मुलांना एका कच्च्या रस्त्यावरून चालवत नेतात, रस्त्यापासून दूर नेऊन त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधतात आणि त्यांना गोळ्या घालतात, असे तीत दिसत होते. ‘बोको हराम’ या सशस्त्र संघटनेशी त्यांचा संबंध असल्याचा आरोप सैनिकांच्या बोलण्यात होता. ही घटना माली या देशातील आहे असे काहींचे म्हणणे होते. इतरांच्या मते ती कॅमेरूनमधील होती. कॅमेरूनच्या शासनाने चित्रफीत खोटी ठरवून आपल्या सैन्याचा तिच्याशी संबंध नाकारला.

अशा वेळी साक्षीदार पुढे येत नाहीत. मृतांची नावे कोणास ठाऊक नसतात, आणि ज्या भागात सैन्याचा वावर आहे तेथे जाऊन चौकशी करणे धोक्याचे असते. चित्रफितीशिवाय दुसरा पुरावा नव्हता, आणि ती कोठली व केव्हाची हे ठरल्याखेरीज तिलाही पुरावा म्हणता येत नव्हते. बीबीसीच्या ‘आफ्रिका आय’ या विभागाने अन्य संशोधकांच्या साहाय्याने हा शोध घेतला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष पायरीपायरीने प्रसिद्ध केले. पुढील विवेचन या प्रकरणाच्या आधारे केले आहे.

आकाशातून दिसणारी भूमी

जमिनीवरील दृश्य कशाशी तरी ताडून पाहावे लागते. ते ‘कशाशी’ म्हणजे उपग्रहाने घेतलेले भूपृष्ठाचे चित्र होय. १९७२ साली अमेरिकेने सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवरील सुमारे ८० मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाएवढा होता. अशा चित्रात नदी, अरण्य किंवा मोठे शहर दिसे. घर दिसत नसे. १९९९ मध्ये आयकोनॉस हा व्यापारी उपग्रह सुमारे एक मीटरचा तपशील देऊ लागला आणि त्यानंतरच्या उपग्रहांनी तो अर्ध्या मीटरच्याही खाली आणला. या तपशिलात माणूस ओळखू येत नाही. पण घराचे छप्पर, आवाराची भिंत, पायवाट आणि एकेकटे झाड स्पष्ट दिसते. २००५ पासून गूगल अर्थमुळे अशी चित्रे सामान्य माणसालाही पाहता येऊ लागली. एकाच जागेची निरनिराळ्या वर्षांतील चित्रेही तेथे क्रमाने पाहता येतात, आणि या शोधात त्यांचे महत्त्व किती आहे हे पुढे दिसून येईल.

दुसरे साधन उंचीच्या मोजमापाचे आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या प्रवासात रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. या मापांवरून संगणक कोणत्याही बिंदूवर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिजावर डोंगरांची कोणती रेषा दिसेल, हे रेखाटू शकतो. उपग्रहाचे चित्र वरून घेतलेले असते आणि छायाचित्र समोरून; या दोन दृष्टींना जोडणारा दुवा म्हणजे उंचीची ही मापे होत.

डोंगराची कड

त्या चित्रफितीच्या पहिल्या चाळीस सेकंदांत सैनिकांच्या मागे एक डोंगररांग दिसते. तिची कड विशिष्ट आकाराची आहे. संशोधकाने हाती घ्यावयाचा पहिला धागा हाच होता. घरे पडतात, झाडे तोडली जातात, रस्ते वळवले जातात. डोंगर मात्र हलत नाही. शिवाय तो दूरवरून दिसतो, म्हणून मोठा प्रदेश चाळण्यासाठी तोच उपयोगी पडतो.

काम असे चालते. चित्रफितीतील एक स्पष्ट चौकट निवडून आकाश आणि डोंगर यांच्यामधील सीमारेषा कागदावर उतरवली जाते. कॅमेरा फिरत असेल तर लागोपाठच्या अनेक चौकटी एकमेकींना जोडून रुंद दृश्य तयार केले जाते. चाळीस सेकंदांचे चित्रण म्हणूनच एका स्थिर छायाचित्रापेक्षा अधिक मोलाचे ठरते. मग त्या रेषेवरील शिखरे, खिंडी आणि उतार डावीकडून उजवीकडे क्रमाने नोंदवले जातात. येथे उंचीच्या आकड्यांपेक्षा परस्परसंबंधांना महत्त्व असते. कोणते शिखर शेजारच्यापेक्षा उंच आहे, खिंड दोन शिखरांच्या बरोबर मध्ये आहे की एकीकडे सरकलेली आहे, कोणत्या बाजूचा उतार तीव्र आहे, या गोष्टी कॅमेऱ्याच्या भिंगामुळे फारशा बदलत नाहीत. डोंगर किती मोठा दिसतो हे मात्र भिंगावर अवलंबून असते. म्हणून आकारमानावर विसंबणारा नवखा संशोधक हमखास फसतो.

ही रेषा हाती आल्यावर ती उत्तर कॅमेरूनच्या भूरचनेशी ताडण्याचे काम सुरू झाले. डोंगराळ प्रदेशात प्रत्येक रांग निरनिराळ्या दिशांनी निराळी दिसते. त्यामुळे अनेक तास घालवूनही मेळ बसेना. अखेर जुलैच्या अखेरीस कॅमेरूनमधील एका माहीतगाराकडून सूचना आली, की झेलेवेत या गावाच्या परिसरात पाहावे. तेथे पाहताच डोंगराची कड जुळली. कॅमेऱ्याची जागा क्रावा माफा नावाच्या खेड्याबाहेरील कच्च्या रस्त्यावर ठरली. नायजेरियाची सीमा तेथून काहीशे मीटरच दूर आहे.

या ठिकाणी एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. माहीतगाराची सूचना हा पुरावा नव्हे. त्या सूचनेमुळे शोधाचे क्षेत्र लहान झाले, एवढेच. सूचना देणारा चुकलेला असू शकतो, तो मुद्दाम दिशाभूलही करत असेल. तो कोण आहे हे कळो वा न कळो, डोंगराची कड जुळते की नाही हे कोणासही स्वतः तपासता येते. आणि या तपासणीवरच निष्कर्ष उभा राहतो.

कडेवरून प्रदेश ठरतो हे समजण्यासारखे आहे. परंतु तिच्यावरून नेमका बिंदू कसा ठरतो? रेल्वेच्या खिडकीतून पाहताना जवळची झाडे झरझर मागे सरकतात आणि दूरचा डोंगर बराच वेळ सोबत चालतो, हा अनुभव सर्वांना आहे. समजा, एक टेकडी एक किलोमीटरवर आहे आणि तिच्यामागील शिखर पाच किलोमीटरवर आहे. पाहणारा शंभर मीटर बाजूला सरकला, तर टेकडी सुमारे पावणेसहा अंशांनी सरकलेली दिसेल आणि शिखर एका अंशाहून थोडे अधिक सरकेल. दोहोंमधील अंतर साडेचार अंशांनी बदलेल. हात पूर्ण लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरला असता तो जेवढी जागा झाकतो, त्याच्या साधारण दुप्पट ही जागा होय. एवढा फरक चित्रात सहज मोजता येतो. म्हणून जवळची टेकडी मागच्या रांगेच्या नेमक्या कोणत्या खिंडीसमोर दिसते, हे पाहून कॅमेऱ्याची जागा पुष्कळ अचूकपणे ठरवता येते. जवळचा आणि दूरचा अशा दोन्ही खुणा चित्रात असणे हे संशोधकाचे भाग्यच म्हटले पाहिजे.

वाट, घरे आणि झाडे

डोंगर जुळला म्हणजे काम संपले असे नाही. येथून खरी परीक्षा सुरू होते. त्या बिंदूवरून चित्रफितीत जे जे दिसते ते ते उपग्रहाच्या चित्रात त्याच जागी सापडले पाहिजे. या प्रकरणात रस्त्यातून फुटणारी वाट, तिच्या कडेची घरे आणि निरनिराळी झाडे एकेक करून जुळवण्यात आली. अशा वेळी संशोधक दोन्ही चित्रे शेजारी ठेवून एकाच वस्तूभोवती एकाच रंगाची चौकट काढतो. या साध्या उपायामुळे दुसऱ्या कोणालाही प्रत्येक दावा स्वतंत्रपणे पडताळता येतो.

घराकडे घर पाहून समाधान मानणे धोक्याचे असते. पत्र्याचे छप्पर असलेले चौकोनी घर हजारो खेड्यांत असते. ओळख पटते ती मांडणीवरून: रस्त्याच्या वळणाच्या आत एक मोठे झाड, त्याच्यापलीकडे एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन इमारती, आणि त्यांच्यामधून दिसणारी खिंड. यांतील कोणतीही एक गोष्ट सर्वत्र आढळते. त्या सर्व याच क्रमाने आणि याच अंतरांनी दुसरीकडे आढळणे जवळजवळ अशक्य असते.

याहून महत्त्वाची कसोटी उलट दिशेची आहे. उपग्रहाच्या चित्रात जे आहे आणि त्या बिंदूवरून दिसायलाच हवे, ते चित्रफितीत दिसते काय? जुळणाऱ्या दहा खुणा सापडल्या की मन भारावते आणि न जुळणारी अकरावी खूण नजरेआड होते. प्रत्येक विसंगतीला कारण द्यावे लागते. झाड नंतर तोडले असेल, घर नंतर बांधले असेल. परंतु ‘असेल’ म्हणून भागत नाही. त्या वर्षाचे चित्र काढून ते दाखवावे लागते. कित्येकदा चित्र उजवे-डावे उलटवून प्रसारित केलेले असते. मग डोंगराची कड आरशातल्यासारखी उलट होते आणि खरे स्थळ समोर असूनही ओळखू येत नाही. पाटीवरील अक्षरे किंवा वाहन कोणत्या बाजूने चालते, यांवरून हा दोष आधीच तपासून घेणे शहाणपणाचे ठरते.

वर्षाचा निर्णय

स्थळ ठरल्यावर काळाचा प्रश्न उरतो, आणि तो अधिक अवघड असतो. या प्रकरणात विसंगती हीच संशोधकांच्या कामी आली. चित्रफितीत दिसणारी एक इमारत फेब्रुवारी २०१६ च्या अगोदरच्या उपग्रह-चित्रांतच आढळते. म्हणजे चित्रण त्यापूर्वीचे असले पाहिजे. दुसऱ्या एका वास्तूभोवती चित्रफितीत भिंती दिसतात, पण नोव्हेंबर २०१४ मध्ये त्या बांधलेल्या नव्हत्या. म्हणजे चित्रण त्यानंतरचे असले पाहिजे. अशा रीतीने एका पडलेल्या इमारतीने आणि एका उभारलेल्या भिंतीने काळाच्या दोन्ही बाजूंना कुंपण घातले. मधली मुदत सुमारे सव्वा वर्षाची राहिली.

या युक्तिवादात उपग्रह-चित्राच्या तारखेवर सर्व भार पडतो. म्हणून ती तारीख काळजीपूर्वक वाचावी लागते. संगणकाच्या पडद्यावर अखंड दिसणारा नकाशा प्रत्यक्षात निरनिराळ्या दिवशी घेतलेल्या तुकड्यांची गोधडी असते. एका शेताची तारीख शेजारच्या शेताला लागू होईलच असे नाही. शिवाय दोन चित्रांमध्ये कित्येक महिन्यांचे अंतर असू शकते. एका चित्रात भिंत नाही आणि पुढच्या चित्रात आहे, एवढ्यावरून ती त्या दोन दिवसांच्या दरम्यान केव्हा तरी उभी राहिली, यापेक्षा अधिक सांगता येत नाही.

तिसरा पुरावा ऋतूचा होता. चित्रफितीत एक पायवाट दिसते. निरनिराळ्या महिन्यांतील उपग्रह-चित्रे पाहिली असता ही वाट जानेवारी ते एप्रिल या उष्ण व कोरड्या काळातच उमटते असे आढळले. या पुराव्याने सव्वा वर्षाच्या मुदतीतून मोठा भाग वगळला. आता २०१५ चे पहिले चार महिने आणि २०१६ ची अगदी सुरुवात, एवढाच काळ शिल्लक राहिला.

सावलीचे घड्याळ

रस्त्यावरून चालणाऱ्या सैनिकांच्या सावल्या जमिनीवर पडलेल्या होत्या. उभा माणूस म्हणजे चालते-फिरते छायायंत्रच. त्याच्या सावलीवरून दोन गोष्टी मोजता येतात. सावलीच्या लांबीवरून सूर्य क्षितिजापासून किती वर आहे ते कळते: माणसाच्या उंचीएवढीच सावली असेल तर सूर्य ४५ अंशांवर असतो, सावली आखूड असेल तर तो अधिक वर असतो. यासाठी माणसाची उंची माहीत असण्याचे कारण नाही. उंची आणि सावली यांचे प्रमाण कळले की पुरे. दुसरी गोष्ट म्हणजे सावलीची दिशा. सूर्य तिच्या बरोबर विरुद्ध बाजूस असतो. छायाचित्रात उत्तर दिशा लिहिलेली नसते. परंतु स्थळ आधीच ठरलेले असल्यामुळे रस्ता कोणत्या दिशेने जातो हे उपग्रह-चित्रावर मोजता येते आणि सावली रस्त्याशी किती कोन करते यावरून तिची खरी दिशा काढता येते. अर्थात स्थळ ठरल्याशिवाय सावलीचे घड्याळ लावता येत नाही.

या दोन मापांवरून तारीख कशी निघते, हे समजण्यासाठी सूर्याच्या वार्षिक प्रवासाची आठवण करावी लागते. २० मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो. तेथून तो रोज थोडा उत्तरेकडे सरकत २१ जूनला कर्कवृत्तावर पोचतो आणि परत फिरतो. विषुववृत्तापासूनच्या या अंतरास ज्योतिषात क्रांती म्हणतात. सूर्य किती उंच आहे, कोणत्या दिशेला आहे आणि स्थळाचे अक्षांश किती आहेत, या तीन गोष्टी ठाऊक असल्या की साध्या त्रिकोणमितीने क्रांती काढता येते, आणि क्रांतीवरून तारीख. दिवसाची वेळही त्याच गणितातून निघते.

उदाहरणादाखल काही कल्पित मापे घेता येतील. क्रावा माफा सुमारे ११ अंश उत्तर अक्षांशावर आहे. समजा, सकाळच्या वेळी सूर्य ४५ अंश उंचीवर आणि पूर्वेपासून १० अंश दक्षिणेकडे आहे. गणिताने क्रांती एका अंशाहून किंचित कमी येते. तारीख २२ मार्चच्या आसपासची आणि वेळ सूर्यमानाने सकाळी नऊच्या सुमाराची ठरते. तीच दिशा १० ऐवजी ५ अंश धरली तर तारीख ३१ मार्चच्या जवळ जाते. २ अंश धरली तर ती ५ एप्रिलच्या आसपास येते. उलट दिशा कायम ठेवून उंची मोजण्यात दोन अंशांची चूक झाली, तर तारखेत केवळ एखाद्या दिवसाचा फरक पडतो. म्हणजे या वेळी आणि या अक्षांशावर सगळी अचूकता दिशेच्या मोजमापावर अवलंबून असते. हलत्या चित्रात, खडबडीत जमिनीवर, चालत्या माणसाच्या सावलीची दिशा काही अंशांपेक्षा अधिक अचूक मोजणे कठीण असते. त्यामुळे सावलीच्या साक्षीतून एक दिवस निघण्याची अपेक्षा धरता येत नाही. निघतो तो काही दिवसांचा पट्टा. बीबीसीच्या संशोधकांनी काढलेला पट्टा २० मार्च ते ५ एप्रिल असा सुमारे पंधरवड्याचा होता.

साक्षींची गाठ

परंतु सावलीची साक्ष एकटी घेतली तर ती दुहेरी असते. सूर्य जसा उत्तरेकडे जातो तसाच परत येतो. म्हणून त्याची प्रत्येक स्थिती वर्षातून दोनदा येते. भारतात ‘शून्य सावली दिवस’ पाहणाऱ्यांना हे परिचित आहे: पुण्यात माथ्यावरच्या सूर्याने सावली नाहीशी होते ती मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, बंगळूरमध्ये एप्रिलच्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्टमध्ये. त्याच न्यायाने २० मार्च ते ५ एप्रिल या काळातल्या सावल्या ७ ते २३ सप्टेंबरच्या सुमारासही तशाच पडतात. शिवाय सावली वर्ष सांगत नाही. दरवर्षी तोच सूर्य त्याच वाटेने जातो.

या ठिकाणी आधीच्या पुराव्यांचे मोल कळते. सप्टेंबरची शक्यता पायवाटेने बाद केली, कारण ती जानेवारी ते एप्रिलमध्येच उमटते. २०१४ चा आणि त्याआधीचा प्रत्येक मार्च भिंतींनी बाद केला, कारण नोव्हेंबर २०१४ मध्ये त्या नव्हत्या. २०१६ चा आणि त्यानंतरचा प्रत्येक मार्च नाहीशा झालेल्या इमारतीने बाद केला. उरला तो एकच काळ: २० मार्च ते ५ एप्रिल २०१५. चित्रफीत लोकांसमोर आली त्याच्याही तीन वर्षांहून अधिक काळ अगोदरचा.

या पद्धतीचा गाभा हाच आहे. डोंगराला तारीख ठाऊक नाही, भिंतीला ऋतू ठाऊक नाही, वाटेला वर्ष ठाऊक नाही आणि सावलीला मार्च व सप्टेंबर यांतील भेद ठाऊक नाही. प्रत्येक साक्षीदार अर्धवट बोलतो. परंतु ते एकमेकांवर अवलंबून नसतात, आणि म्हणूनच त्यांचे एकमत विश्वसनीय ठरते. कोणा एकाने चित्रफीत बनावट करावयाची म्हटली, तरी डोंगराची कड, अर्धवट काळापुरत्या उभ्या असलेल्या वास्तू, ऋतूची वाट आणि सूर्याची दिशा ही सर्व एकाच वेळी बरोबर जुळवणे त्याला अतिशय कठीण जाईल.

मर्यादा

या पद्धतीच्या मर्यादाही त्याच प्रकरणावरून दिसतात. सपाट प्रदेशात, दाट अरण्यात किंवा बंद खोलीत घेतलेल्या चित्रात क्षितिजरेषाच नसते. मग पहिला धागाच हाती लागत नाही. उंचीची सर्वत्र उपलब्ध असलेली मापे साधारण ३० मीटरच्या अंतराने घेतलेली आहेत. त्यामुळे लहान सुळके संगणकाच्या रेखाटनात बोथट होतात किंवा दिसतच नाहीत. मोठी रांग नीट जुळत असताना एखादा खडक दिसला नाही, तर तो दोष मापांचा असू शकतो; पण रांगेतील शिखरांचा क्रमच जुळत नसेल, तर दोष निष्कर्षाचा असतो.

सावलीच्या मर्यादा वेगळ्या आहेत. जमीन उतरती असेल तर सावली लांबते किंवा आखडते. माणूस वाकलेला असेल तर प्रमाण चुकते. वर्षाच्या सर्व काळात सावली सारखीच बोलकी नसते, हीदेखील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. मार्च आणि सप्टेंबरमध्ये क्रांती रोज सुमारे ०.४ अंशाने बदलते. याउलट २१ जूनच्या मागेपुढे दहा-दहा दिवसांत ती जेमतेम एकतृतीयांश अंश हलते. क्रावा माफाची घटना जूनमध्ये घडली असती, तर सावलीवरून पंधरवडा काढणे संशोधकांना शक्य झाले नसते.

सर्वांत मोठी मर्यादा ही, की डोंगर आणि सावली ‘कोठे’ व ‘केव्हा’ एवढेच सांगतात. ‘कोणी’ हे सांगत नाहीत. त्यासाठी शस्त्रे, गणवेश, चित्रफितीतील संभाषण आणि शासनाची स्वतःची निवेदने यांचा स्वतंत्र अभ्यास करावा लागला. परंतु स्थळ आणि काळ निश्चित झाल्यामुळे त्या अभ्यासाला पाया मिळाला: मार्च-एप्रिल २०१५ मध्ये त्या रस्त्यावर कोणाचे सैन्य होते, असा नेमका प्रश्न आता विचारता येत होता.

ऑगस्ट २०१८ मध्ये कॅमेरूनच्या शासनाने सात सैनिकांना या प्रकरणी अटक झाल्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२० मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांपैकी चौघांना दहा वर्षांच्या आणि एकाला दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. दोघांची सुटका झाली. ज्या शासनाने चित्रफीत खोटी म्हटली होती, त्याच्याच न्यायालयाने तीत दिसणाऱ्या हत्येबद्दल शिक्षा सुनावली. चित्रण करणाऱ्याने मागच्या डोंगराचा विचार केला नव्हता. तो डोंगर अद्याप तेथेच आहे, आणि त्याची कड ज्याला हवी त्याने ताडून पाहावी.